सोमवारची दुसरी जाग

*ताई, मी कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. रविवारी सुट्टी. यायला-जायला पाऊण-पाऊण तास. दोन वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, उठल्यावर उपाशीपोटी घ्यायची. फोनमध्ये आता सतरा गजर झालेत. नाईटला असताना सकाळी साडेनऊला, गाढ झोपेत, 'गोळी' म्हणून फोन ओरडतो आणि हवा तेव्हा गप्प बसतो. गेल्या महिन्यात तीनदा गोळी चुकली आणि एकदा, मला वाटतं, दोनदा घेतली गेली. त्यात मधेच कोणी पाळी बदलून मागतं आणि होतं ते सगळं विस्कटतं. दर आठवड्याला बदलणाऱ्या पाळीबरोबर आपोआप सरकतील अशा आठवणी लावता येतात का? की सरळ वही घालू?*
*— गजरांना कंटाळलेला*

ती दुसरी गोळी कधी गेली असेल, ते सांगू? नाईटच्या आठवड्यातल्या सोमवारी, रात्री आठच्या आसपास. त्या दिवशी तुम्ही सकाळी नेहमीसारखे उठलात, गोळी घेतलीत, संध्याकाळी रात्रीच्या तयारीने दोन-तीन तास आडवे झालात आणि उठल्यावर हात सवयीने बाटलीकडे गेला. डॉक्टरांनी 'उठल्यावर' सांगितलं होतं आणि तुम्ही तर खरंच उठला होता. मी पैज लावत नाही, पण बावीस वर्षं वॉर्डात पाळ्या केल्या आहेत. हा सोमवार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

तुमचे गजर घड्याळाला बांधलेले आहेत आणि तुमचा दिवस पाळीला बांधलेला आहे. साडेनऊचा गजर फर्स्टला कामावर वाजतो, सेकंडला घरी वाजतो आणि नाईटला उशीत वाजतो. प्रत्येक वेळी तुम्ही एक नवा गजर वाढवलात, म्हणून ते सतरा झाले. आता उलट करायचं. आधी दिवसातला असा एक क्षण धरायचा जो पाळीबरोबर सरकतो, आणि आठवण त्या क्षणाला बांधायची. तुमच्या गोळीसाठी तो क्षण म्हणजे मुख्य झोपेतून उठणं. मुख्य म्हणजे दिवसातली सगळ्यात लांब झोप. डुलकी त्यात धरायची नाही, मग ती तीन तासांची का असेना.

त्याआधी एक अट. ही युक्ती तुमच्या गोळीला चालते म्हणून सांगते आहे. तुमची गोळी बहुधा लेव्होथायरॉक्सिन असेल. हे औषध शरीरातून फार सावकाश उतरतं, निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे एक गोळी पहाटे साडेचारला आणि पुढची दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला पडली तरी रक्तातली पातळी फारशी हलत नाही. तिला महत्त्वाचं आहे ते रिकामं पोट, म्हणजे खाण्याच्या किंवा चहा-कॉफीच्या आधी निदान अर्धा तास, जमल्यास एक तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तास लांब ठेवायची. इन्सुलिन, फिटची औषधं, काही गर्भनिरोधक गोळ्या यांचं तसं नाही. त्यांना घड्याळच पाळावं लागतं आणि त्यांचा गजर पाळी कुठलीही असली तरी ठरलेल्या वेळीच वाजायला हवा. म्हणून घरात कोणाचंही दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात एवढंच विचारा, 'ही गोळी किती तास मागेपुढे झाली तर चालते?' उत्तर आलं की ती कुठल्या गटात बसते ते कळतं.

आता कागद घ्या. तुमचे तीन आठवडे मी माझ्या अंदाजाने मांडते, तुम्ही तुमच्या झोपेप्रमाणे अर्धा तास इकडेतिकडे करा. फर्स्टला घर सव्वापाचला सोडायचं, म्हणजे साडेचारला उठणं, साडेचारलाच गोळी, आणि चहा पाचच्या पुढे. त्यासाठी रात्री नऊला पाठ टेकली पाहिजे. सेकंडहून पावणेअकराला घरी येता, झोप लागेपर्यंत साडेबारा होतात, उठणं आठला. नाईटहून सकाळी पावणेसातला परत, झोप लागेपर्यंत आठ, उठणं दुपारी अडीचला. एवढं सगळेच करतात. गाडी अडते ती या तीन आठवड्यांच्या सांध्यांवर, म्हणून ते सांधे एकेक करून बघू.

फर्स्ट संपते शनिवारी दुपारी दोनला आणि सेकंड सुरू होते सोमवारी दुपारी दोनला. मध्ये अठ्ठेचाळीस तास आहेत. रविवारी सातला जाग येईल, सोमवारी आठला. इथे काही बिघडत नाही.

सेकंड संपते शनिवारी रात्री दहाला, नाईट सुरू होते सोमवारी रात्री दहाला. पुन्हा अठ्ठेचाळीस तास, पण हाच तो सोमवार. सकाळी आठला उठून गोळी. संध्याकाळी पाच ते आठ डुलकी. ही झोप मोजायची नाही. मग रात्रभर काम, मंगळवारी सकाळी आठला झोप आणि दुपारी अडीचला उठून गोळी. मधलं अंतर साडेतीस तासांचं होतं. ते बघून घाबरायला होतं आणि 'मध्येच एक घेऊन टाकावी' असं वाटतं. घ्यायची नाही.

तिसरा सांधा सगळ्यात वाईट. नाईट संपते रविवारी सकाळी सहाला आणि फर्स्ट सुरू होते सोमवारी सकाळी सहाला, म्हणजे मध्ये फक्त चोवीस तास. रविवारी नेहमीसारखं अडीचपर्यंत झोपलात तर रात्री साडेआठला झोप लागणार नाही. म्हणून रविवारची झोप मुद्दाम तोडायची. साडेसातला झोपायचं, साडेअकराला उठायचं, चार तास झोप पुरे. रात्री साडेआठला परत आडवं व्हायचं आणि सोमवारी साडेचारला उठायचं. गोळी शनिवारी दुपारी अडीचला, रविवारी साडेअकराला, सोमवारी पहाटे साडेचारला. अंतरं एकवीस तास आणि सतरा तास. इथे गोळ्या जवळजवळ आल्यासारख्या वाटतात, पण सोमवारची साडेतीस तासांची फट दुसऱ्या टोकाला पडलेलीच आहे, तेव्हा हिशेब जुळतो.

हे सगळं तारखेवर मांडून बघा. एकवीस तारखांपैकी प्रत्येक तारखेला मुख्य झोपेतून एकदाच उठणं येतं. कुठलीही तारीख रिकामी जात नाही आणि कुठल्याही तारखेला दोनदा येत नाही. मला हे लक्षात यायला फार वर्षं लागली. तोवर मी तासच मोजत बसायचे. तास मोजू नका. 'तारखेला एक, मोठ्या झोपेनंतर' एवढं डोक्यात ठेवलं की झालं.

आता फोन. कॅलेंडर आणि घड्याळाचा गजर ही दोन वेगळी हत्यारं आहेत. कॅलेंडरची सूचना एकदा टिंग करते आणि गप्प होते. झोपलेल्या माणसाला ती उठवत नाही, पण जागा असलेल्याला आठवण द्यायला तेवढी पुरते. म्हणून उठवायला गजर ठेवायचा आणि बाकी सगळं कॅलेंडरवर टाकायचं.

गजर चारच ठेवा आणि प्रत्येकाला नाव द्या. 'फर्स्ट ऊठ' साडेचार, सोमवार ते शनिवार. 'सेकंड ऊठ' आठ, सोमवार ते शनिवार. 'नाईट ऊठ' दुपारी अडीच, मंगळवार ते शनिवार. आणि 'नाईट रविवार' साडेअकरा, फक्त रविवारी. शेवटच्या दोघांचे वार नीट बघा, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. नाईटची पाळी सोमवार ते शनिवार असते, पण तिच्यानंतरचं उठणं मंगळवार ते रविवार असतं. पाळीचे वार जसेच्या तसे गजराला दिलेत तर सोमवारी दुपारी गजर उगाच वाजतो आणि रविवारी वाजतच नाही.

मी स्वतः यात फसले आहे. नव्याने फोनमध्ये गजर लावला तेव्हा 'सोमवार ते शनिवार' टिचकी मारून मोकळी झाले. शनिवारची नाईट करून रविवारी सकाळी झोपले ती संध्याकाळी सहाला उठले. अंगात एकदम तरतरी! रात्री अकरा, बारा, दोन, छताकडे बघत पडले. पहाटे डोळा लागतोय तोवर साडेचार झाले. त्या सोमवारी वॉर्डात ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घेताना एका पेशंटचं औषध मी दोनदा विचारलं आणि नाईटची सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. मी मुकाट्याने तिच्याकडून सगळे कागद परत वाचून घेतले. दोष गजराच्या वारांचा होता, पण सांगणार कोणाला?

हे चार गजर एकाच वेळी चालू नसतात. चालू फक्त त्या आठवड्याचे, बाकीचे बंद. ही अदलाबदल मात्र हाताने करायची आणि तीही दर रविवारी संध्याकाळी सहाला. सहाच का? कारण तुमच्या तिन्ही रविवारी तुम्ही त्या वेळी हमखास जागे असता आणि सोमवारच्या फर्स्टसाठी झोपायला अजून अडीच तास असतात. कॅलेंडरमध्ये दर रविवारी सहाला 'गजर बदला' अशी नोंद टाका. आठवड्यातून एकदा चार बटणांकडे बघायचं. हे आपोआप करणाऱ्या सोयीही फोनवर असतात, पण उठण्याचा गजर मी तरी त्यांच्या भरवशावर सोडणार नाही. बटण स्वतः डोळ्यांनी बघितलेलं बरं.

कॅलेंडरमध्ये तीन वेगळी कॅलेंडरं करा: 'पाळी', 'झोप' आणि 'गोळी'. गुगल कॅलेंडरमध्ये नवं कॅलेंडर करणं हे एकदाच करायचं काम आहे. मग 'पाळी'मध्ये फर्स्टच्या आठवड्यातल्या सोमवारी सहा ते दोन अशी नोंद टाका. पुनरावृत्तीत Custom निवडा, दर तीन आठवड्यांनी, सोमवार ते शनिवारच्या सहाही वारांवर खूण. सेकंडचीही तशीच, तिच्या आठवड्यातल्या सोमवारपासून. नाईटची नोंद करताना संपण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची द्यायला विसरू नका. दहा ते सहा, पण सहा उद्याचे. 'झोप' आणि 'गोळी' याच पद्धतीने, वर मांडलेल्या वेळांनुसार. गोळीची सूचना नोंदीच्या वेळीच येऊ द्या, आधी नको. झोपेच्या नोंदीला मात्र अर्धा तास आधीची सूचना ठेवा, म्हणजे हातातलं काम आवरता येतं.

फर्स्टची झोप आदल्या रात्री सुरू होते, म्हणून तिच्या वारांवर खुणा रविवार ते शुक्रवार अशा येतील. पहिली खूण आदल्या आठवड्यातल्या रविवारची असते. सांध्यावरच्या झोपा, म्हणजे नाईटनंतरच्या रविवारची सकाळची आणि सोमवारच्या डुलकीची, वेगळ्या नोंदी करा. डुलकीच्या नोंदीला मी नावच 'डुलकी, गोळी नाही' असं दिलं होतं. हसू येतं वाचून, पण रात्री आठला अर्धवट जागेत तेच वाचायचं असतं.

'झोप' वेगळं कॅलेंडर करायचं आणखी एक कारण आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब'ला वेळापत्रक देताना घड्याळाऐवजी कॅलेंडरमधली नोंद देता येते. तिथे 'झोप' हे कॅलेंडर निवडलंत की तुमची झोपेची नोंद जिथे सरकेल तिथे फोन आपोआप मुका होतो, पहाटे असो की भर दुपारी. दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. गजरांना परवानगी चालू आहे ना? आणि तोच माणूस लगेच दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजू द्यायची सोय चालू आहे ना? घरच्यांना सांगून ठेवा की खरंच गरज असेल तर लागोपाठ दोनदा लावा. तुमच्या फोनमध्ये कॅलेंडरवरून मुकं करायची सोय नसेल तर तीन आठवड्यांसाठी तीन वेळापत्रकं करून रविवारी सहाला गजरांबरोबर तीही बदला.

पाळी बदलून मागणाऱ्या सहकाऱ्याकडे येऊ. इथेच कॅलेंडर वहीपेक्षा सरस ठरतं, पण तुम्ही एक सवय लावून घेतलीत तरच. 'हो' म्हणायच्या आधी नोंद सरकवून बघायची. समजा सेकंडच्या आठवड्यात बुधवारी कोणी म्हणालं, उद्या माझी फर्स्ट तू कर, तुझी सेकंड मी करतो. 'पाळी'मधली गुरुवारची नोंद सकाळी सहावर ओढा. फोन विचारेल, फक्त हीच की पुढच्या सगळ्या? This event निवडा. चुकून This and following events दाबलंत तर पुढच्या सगळ्या सेकंड सकाळी सहाला जाऊन बसतील आणि तीन आठवड्यांनी तुम्ही भलत्याच वेळी गेटवर उभे असाल. मग झोपेची नोंद ओढा. ती बसते का बघा. बुधवारी रात्री दहाला सुटी, पावणेअकराला घरी, साडेअकराला झोप, साडेचारला उठणं. हातात पाच तास. दोन पाळ्यांमधलं अंतर आठ तासांचंच आहे. युरोपीय संघाच्या २००३च्या कामाच्या वेळेच्या निर्देशात दर चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांती धरली आहे, आणि त्यातूनच येणं-जाणं, जेवणखाण, झोप सगळं काढायचं असतं. तुमच्याकडे तो नियम लागू असो-नसो, अकराच्या खाली अंतर आलं की मी तरी नाही म्हणत असे. मैत्री टिकते, आणि पडद्यावर आठ तासांची चिंचोळी पट्टी दाखवली की समोरच्यालाही पटतं.

हो म्हणालात तर तिन्ही नोंदी सरकवल्याशिवाय फोन खिशात घालायचा नाही, आणि गजरही. गजर कॅलेंडरबरोबर सरकत नाही, हे इथे विसरलं जातं. त्या एका दिवसासाठी एकवेळचा साडेचारचा गजर लावायचा आणि सेकंडचा आठचा त्या दिवसापुरता बंद करायचा. गोळी गुरुवारी साडेचारला. तारीख गुरुवार, मोठी झोप झालेली, नियम तोच.

रिलीव्हर आलाच नाही आणि डबल करावी लागली तर? सेकंडला दोनला गेलात ते दुसऱ्या दिवशी सहाला सुटलात. त्या तारखेची गोळी आदल्या सकाळीच झालेली आहे, तेव्हा रात्रभर काही करायचं नाही. सकाळी आठला झोपायच्या आधी फक्त झोपेची आणि गोळीची नोंद पुढे ओढायची आणि निघायला पुरेल असा एक गजर लावायचा. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, पण डबल झालेल्या माणसाला दोन मिनिटंही जड असतात. म्हणून हे घरी पोचल्यावर करायचं नाही, पाळीचा चार्ज देऊन झाला की तिथेच बाकावर बसून उरकायचं. आणि शक्य असेल तर त्या सकाळी गाडी स्वतः चालवू नका.

कॅलेंडर कितीही चांगलं लावलं तरी एक काम त्याला जमत नाही. गोळी पोटात गेली की नाही, हे त्याला कळत नाही. सूचना बाजूला सारली म्हणजे गोळी घेतली असं होत नाही, आणि नेमकं तसंच वाटतं. त्यासाठी सात कप्प्यांची गोळ्यांची डबी घ्या, वार लिहिलेली. दर रविवारी सहाला गजर बदलताना पुढच्या सोमवार ते रविवारच्या गोळ्या भरा. मग प्रश्न पडला की आठवायला बसायचं नाही, आजच्या वाराचा कप्पा उघडायचा. रिकामा असेल तर घेतलेली आहे. नाईटला मध्यरात्र ओलांडल्यावर वार बदललेला असतो, पण गोळी उठल्यावरच घ्यायची असल्याने कामावर डबी उघडायची वेळच येत नाही. डबी घरीच ठेवा, ब्रशच्या शेजारी. ब्रशसुद्धा मोठ्या झोपेनंतरच हातात येतो.

काही डॉक्टर हीच गोळी झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी घ्यायला सांगतात. दिवसाच्या नोकरीवाल्याला ते सोपं जातं. तुम्ही नाईटहून पावणेसातला येऊन काहीतरी खाता आणि आठला झोपता, तिथे तीन तास कुठून आणणार? तेव्हा उठल्यावरचंच बरं.

झाल्या प्रकाराबद्दलही बोलते. एखाद दिवशी दोन गोळ्या गेल्या तर सहसा काही बिघडत नाही, पण छातीत धडधड, हात कापणं असं वाटलं तर डॉक्टरांना फोन करायचा, आणि हृदयाचा त्रास असेल तर लक्षणांची वाट न बघता. गोळी विसरलात आणि त्याच तारखेला आठवलं तर पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या तारखेला आठवलं तर गेली ती गेली, दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही. आणि पुढच्या वेळी टीएसएच तपासाल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा की महिन्यात तीन चुकल्या होत्या. ते माहीत नसेल आणि आकडा वर आला तर डोस वाढवला जातो, मग तुम्ही नियमित घ्यायला लागलात की तोच डोस जास्त पडतो. गोळ्या नियमित झाल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे तुमची दोन ते तीन पूर्ण फेरी.

एखादी आठवण चुकीच्या जागी बांधली गेली आहे, हे कसं ओळखायचं? तिची वेळ आली की तुम्ही न वाचता बोटाने ढकलून देता. असं तीनदा झालं की मनाला दोष देण्याआधी नोंद बघा. माझी 'पाणी पी' अशी एक आठवण बरोबर ओव्हर घ्यायच्या वेळी येत असे. ती एक दिवसही पाळली गेली नाही. अर्धा तास पुढे ढकलली, तेव्हापासून पाळली जाऊ लागली. तुमच्या सतरांतले गोळी आणि उठणं सोडून बाकीचे गजर कशाचे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. प्रत्येकाला विचारा, हा घड्याळाचा की पाळीचा? बिल भरायचा दिवस तारखेचा असतो, तो कॅलेंडरमध्ये एकदाच टाका, पण दिवसाची वेळ सकाळची देऊ नका. संध्याकाळी सहा ही वेळ फर्स्टला आणि, डुलकीचा सोमवार सोडला तर, नाईटला घरच्या जागेपणात येते. सेकंडला मात्र तुम्ही कामावर असता, म्हणून तिथे दुपारी बारा. राहिलेले बहुतेक गजर पुसले जातील असा माझा अंदाज आहे.

वही घालायची का, असंही विचारलंत. घाला, पण एकाच कामासाठी. पाळी बदलली, डबल झाली, गोळी चुकली, एवढंच तारखेसमोर लिहायला. वेळापत्रक वहीत ठेवू नका, कारण दोन ठिकाणी लिहिलं की एक ठिकाण जुनं होतं आणि अर्धवट झोपेत आपण नेमकं तेच बघतो.

सुरुवात फर्स्टच्या आदल्या रविवारी करा, आठवड्याच्या मधून नको. त्या संध्याकाळी तीस गोळ्या मोजून एका वेगळ्या बाटलीत काढा आणि डबी फक्त तिच्यातूनच भरा. तीन आठवडे झाले की, पुढचा आठवडा भरायच्या आधी, त्या बाटलीत आणि डबीत मिळून नऊ गोळ्या असल्या पाहिजेत. दहा असतील तर एक चुकली, आणि कुठल्या वाराची ते वहीत किंवा डबीत सापडेल. आठच असतील तर बाटलीतून थेट एक घेतली गेली आहे. मग तो नाईटचा सोमवार पहिला तपासा.